नागपूरहून पेंचची एक दिवसाची सफारी: पावतीत न दिसणारे खर्च आधीच कसे धरायचे

नागपुरात नवीन राहायला आलेल्या माणसाला पहिल्या हिवाळ्यातच कोणीतरी म्हणतं, "एकदा पेंचला जाऊन या, सकाळी निघालं की रात्री घरी." ते खरंही आहे. पेंचच्या जंगलाचं सिल्लारीचं गेट शहरापासून साधारण सत्तर किलोमीटरवर आहे. मग घरी बसून बुकिंगची रक्कम बघतात, तिला माणसांच्या संख्येने भागतात, वर थोडं पेट्रोल धरतात आणि झालं बजेट म्हणतात. परतताना खिशातून त्याच्या दीडपट, कधी त्याहून जास्त गेलेले असतात. प्रत्येक रक्कम शंभर-दोनशेची असते, म्हणून कोणाला लुबाडल्यासारखंही वाटत नाही आणि पैसे नेमके कुठे गेले तेही सांगता येत नाही.

हा लेख त्या शंभर-दोनशेच्या रकमांबद्दल आहे. उदाहरण पेंचचं आहे, पण ताडोबा किंवा उमरेड-कऱ्हांडल्यालाही हिशोब असाच बसतो. वनविभागाचे दर हंगामागणिक बदलतात. शनिवार-रविवारचा दर वेगळा असू शकतो. म्हणून खालचे आकडे नमुन्याचे समजा, तुमचे आकडे बुकिंग करताना पडद्यावर दिसतील ते घ्या.

१. आधी राज्य ठरवा, मग गेट

पेंच नावाचं जंगल दोन राज्यांत पसरलेलं आहे. महाराष्ट्रात सिल्लारी, खुर्सापार, चोरबाहुली, कोलितमारा अशी गेटं आहेत. मध्य प्रदेशात, सिवनी जिल्ह्यात, तुरिया आणि कर्माझिरी आहेत. दोन्हीकडचं बुकिंग वेगळ्या सरकारी संकेतस्थळांवर होतं, दर वेगळे आहेत आणि एकीकडची पावती दुसरीकडे चालत नाही.

इंटरनेटवर नुसतं "पेंच सफारी" शोधलं की बरेचदा तुरियाची माहिती आधी येते. ती वाचून तिथलं बुकिंग केलं आणि टॅक्सीवाल्याला मात्र "पेंच" एवढंच सांगितलं, तर तो सवयीने सिल्लारीला नेऊ शकतो. सफारीच्या वेळेच्या अर्धा तास आधी हे कळून उपयोग नसतो.

भाड्याच्या गाडीने जाणाऱ्यांसाठी इथे आणखी एक खर्च लपलेला आहे. तुरियाला जाताना खवासाजवळ राज्याची हद्द ओलांडावी लागते. टॅक्सीकडे ऑल इंडिया टुरिस्ट परमिट नसेल, तर मध्य प्रदेशात शिरायचा कर तिला वेगळा भरावा लागतो आणि तो तुमच्या बिलावर चढतो. स्वतःच्या खासगी गाडीला हा प्रश्न नाही. म्हणून टॅक्सी ठरवताना गावाचं नाव सांगू नका, गेटचं नाव सांगा, आणि "बॉर्डर टॅक्स धरून सांगताय का?" हे तिथल्या तिथे विचारा.

बुकिंग एजंटकडून करायचं नसेल तर संकेतस्थळाचा पत्ता gov.in ने संपतोय ना, तेवढं बघा. हुबेहूब सरकारी दिसणारी खासगी पानं भरपूर आहेत. त्यातली काही फक्त मधली दलाली घेतात, काही पैसेच घेऊन गायब होतात.

२. एका सफारीचे पैसे तीन हातांत जातात

नवीन माणसाचा गोंधळ बहुतेक इथेच होतो, म्हणून हे नीट समजून घ्या. तुम्ही ज्याला "सफारीचं तिकीट" म्हणता त्यात तीन वेगळ्या रकमा असतात. पहिली प्रवेश शुल्काची, ती वनविभागाकडे जाते. दुसरी जिप्सीच्या, म्हणजे सफारीच्या उघड्या गाडीच्या भाड्याची, ती गाडीच्या मालकाकडे जाते. हा मालक बहुधा आसपासच्या गावातलाच असतो. तिसरी गाइडच्या मानधनाची, ती गाइडला मिळते. गाइडशिवाय आत सोडत नाहीत, त्यामुळे "आम्हाला नको" म्हणायची सोय नाही.

हात तीन, म्हणून पावतीही फुटते. काही जंगलांत तिन्ही रकमा ऑनलाइनच घेतात. काही ठिकाणी ऑनलाइन फक्त प्रवेश शुल्क जातं आणि जिप्सी-गाइडचे पैसे गेटवरच्या खिडकीत द्यावे लागतात. पद्धत एका हंगामातून दुसऱ्या हंगामात बदलूही शकते, तेव्हा मागच्या वर्षी गेलेल्या मित्राच्या सांगण्यावर राहू नका. पावती हातात आली की तिच्यावर तीन शब्द शोधा: प्रवेश, वाहन, गाइड. जो शब्द सापडला नाही, त्याचे पैसे गेटवर द्यायचे आहेत असं धरून चाला. ऑनलाइन दोन-अडीच हजार दिसले म्हणून स्वस्त वाटलेली सफारी गेटवर पोहोचल्यावर दुप्पट होते ती याच कारणाने.

रिसॉर्टमार्फत बुकिंग करत असाल तर चौथा हातही येतो. रिसॉर्टचा सेवाआकार असतो, शिवाय जिप्सी रिसॉर्टच्या दारात बोलावली तर तिथून गेटपर्यंतच्या फेरीचे पैसे बरेचदा वेगळे लागतात. स्वतःच्या गाडीने गेटवर पोहोचलात तर हे वाचतं.

३. कागदावर तीन रकाने आखा

वही घ्या, मोबाईलमधलं शीट घ्या, काहीही चालेल. पण रकाने "प्रवास, जेवण, तिकीट" असे आखू नका. "गाडीमागे", "माणसामागे" आणि "वस्तूमागे" असे आखा.

गाडीमागे म्हणजे माणसं कितीही असली तरी तेवढाच राहणारा खर्च. जिप्सीचं भाडं, गाइडचं मानधन, पूर्ण गाडीचं बुकिंग केलं असेल तर प्रवेश शुल्कही, टोल, पेट्रोल, पार्किंग, टिप. एका जिप्सीत साधारणपणे सहा पर्यटक बसतात. हे सगळं मिळून समजा साडेपाच हजार झाले, तर चौघांत माणशी 1,375 पडतात आणि सहा जणांत 917. पण सहा जण ठरवून दोघांनी आदल्या रात्री "आमचं जमत नाही" म्हटलं, तर उरलेल्या चौघांचा वाटा आपोआप 1,375 होतो. मित्रमंडळींत कटकट होते ती बहुतेक इथेच. म्हणून येणाऱ्यांकडून वाटा आधीच गोळा करा आणि न येणाऱ्याचे पैसे परत मिळणार नाहीत हे आधीच सांगून ठेवा. वाईट दिसतं, पण नंतर मागण्यापेक्षा बरं.

माणसामागे येतं ते खाणंपिणं, बोटिंग, आणि एकेक सीट वेगळी घेतली असेल तर तिचे पैसे. मुलांना कुठल्या वयापर्यंत सूट आहे ते बुकिंगच्या पानावर बघा. सूट असली तरी मुलाचं नाव आणि ओळखपत्र लागतंच.

वस्तूमागे हा रकाना बहुतेक जण आखतच नाहीत. त्यात मुख्यतः कॅमेरा येतो, म्हणून त्याला वेगळी पायरी देतो.

४. कॅमेऱ्याचा हिशोब

कॅमेरा शुल्क माणसामागे नसतं, कॅमेऱ्यामागे असतं. घरातल्या दोघांकडे दोन कॅमेरे असतील तर दोनदा लागतं. काही ठिकाणी लेन्स किती मोठी आहे त्यावरून दर ठरतो, आणि व्हिडिओचा दर वेगळा असतो. व्यावसायिक चित्रीकरण हे तर पूर्ण निराळं प्रकरण आहे, त्याला आधी परवानगी लागते.

आता थोडं स्पष्ट बोलतो. कॅमेऱ्यासोबतच येणाऱ्या साध्या किट लेन्सने जंगलातला वाघ म्हणजे फोटोत पिवळा ठिपका येतो. तशी लेन्स असेल तर कॅमेरा घरी ठेवा, शुल्कही वाचेल आणि हातही मोकळे राहतील. ज्यांच्याकडे खरोखर लांबची लेन्स आहे त्यांनी शुल्क आधीच हिशोबात धरावं आणि गेटवर बॅगेत लपवायच्या भानगडीत पडू नये. आत कॅमेरा बाहेर काढल्यावर तो दिसतोच, आणि मग गाइडही अडचणीत येतो.

मोबाईलचं वेगळं. अनेक व्याघ्र प्रकल्पांच्या कोअर, म्हणजे आतल्या मुख्य भागात मोबाईल वापरायला बंदी आहे. तो गेटवर जमा करावा लागतो किंवा बंद करून बॅगेत ठेवावा लागतो. "कॅमेऱ्याचे पैसे कशाला, मोबाईलवरच काढू" हा बेत त्यामुळे फसतो. दुसरा परिणाम त्याहून गैरसोयीचा आहे: फोन हाताशी नसला की यूपीआयही हाताशी नसतं. तसंही गेटच्या आसपास नेटवर्क येईलच असं नाही.

५. रोख किती आणि कशी

पावतीत न सापडलेल्या शब्दांची रक्कम, कॅमेऱ्याचं शुल्क, टिप आणि वरखर्चाचे पाचशे, एवढी बेरीज रोख जवळ ठेवा. तिन्ही रकमा ऑनलाइन गेल्या असतील तर बाराशे-पंधराशे पुरतात. जिप्सी आणि गाइड गेटवर द्यायचे असतील तर पाच हजारांच्या घरात लागतील. सगळ्या पाचशेच्या नोटा नेऊ नका. पहाटेच्या सफारीला गेटवरच्या खिडकीत, चहाच्या टपरीवर आणि गाइडकडे, कोणाकडेच सुटे नसतात. मग दोनशेची टिप पाचशेची होते किंवा काहीच दिली जात नाही. शंभराच्या आठ-दहा नोटा आणि थोडी वीस-पन्नासची चिल्लर नागपूरहूनच घेऊन निघा.

६. टिप: कोणाला, किती, कधी

गाइडला त्याचं ठरलेलं मानधन मिळतं, चालकाला मालकाकडून पैसे मिळतात. टिप ऐच्छिक आहे. कोणी मागितली तरी द्यायचं बंधन नाही. पण तीन-चार तास धुळीत उभं राहून पक्षी, पाऊलखुणा, सांबराचा इशाऱ्याचा आवाज समजावून सांगणाऱ्या माणसाला काही द्यावंसं वाटतंच, म्हणून ती बजेटात धरलेली बरी. माझ्या मते गाइडला दोनशे आणि चालकाला शंभर-दोनशे, तेही पूर्ण गाडी मिळून, हे ठीक आहे. माणशी दोनशे नव्हे. अनोळखी लोकांबरोबर जिप्सी वाटून घेतली असेल तर निघण्यापूर्वीच "टिपचे माणशी पन्नास काढू" असं ठरवून टाका. शेवटी उतरल्यावर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

दोन गोष्टी मात्र करू नका. सफारी सुरू होण्याआधी टिप देऊ नका आणि "वाघ दाखवला तर पाचशे" असं बोलू नका. असं बोललं की चालक दुसऱ्या जिप्सींच्या मागे गाडी पळवतो, वाघाच्या फार जवळ नेतो, बाहेर पडायची वेळ चुकवतो. दंड आणि निलंबन त्याला भोगावं लागतं, आणि तुम्हाला जंगल दिसतं ते फक्त धुरळ्यातून. वाघ दिसला नाही म्हणून टिप कापणंही बरोबर नाही. गाइडच्या हातात वाघ नसतो, माहिती असते. तो गप्प बसून राहिला, प्रश्नांना उडवून लावलं, तर खुशाल देऊ नका.

७. रस्त्याचा खर्च

स्वतःची गाडी असेल तर हे सोपं आहे. जबलपूर रस्त्याने मनसर, पुढे पवनीवरून डावीकडे सिल्लारी. राष्ट्रीय महामार्गाच्या टोलवर चोवीस तासांच्या आत परत आलात तर येण्याजाण्याचा मिळून एकेरीच्या दीडपटच आकार लागतो, दुप्पट नाही. फास्टॅगमध्ये शिल्लक मात्र ठेवा. चालू फास्टॅग नसेल तर यूपीआयने भरतानाही सव्वापट जातात. फास्टॅगचा वार्षिक पास काढलेला असेल तर राष्ट्रीय महामार्गावरच्या नाक्यांसाठी हा आकडा शून्य धरा.

टॅक्सीचा हिशोब फसवा असतो. "चौदा रुपये किलोमीटर" ऐकून माणूस दीडशे किलोमीटरचा गुणाकार करतो. पण बाहेरगावच्या भाड्याला दिवसाला किमान अडीचशे किंवा तीनशे किलोमीटर धरायची पद्धत आहे. तुमची गाडी 160 किलोमीटर फिरली तरी बिल 300 चं येतं, म्हणजे 4,200. त्यावर चालकाचा भत्ता, टोल, पार्किंग. सकाळच्या सफारीला पहाटे साडेतीन-चारला निघावं लागतं, त्याचा रात्रीचा आकार निराळा. टॅक्सीने जाणार असाल तर म्हणूनच दुपारची सफारी घ्या. विचारायचं वाक्य एकच आहे: "सगळं धरून, दारापासून दारापर्यंत किती?" आणि उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या.

८. जाता जाता रामटेक

मनसरवरून रामटेक इतकं जवळ आहे की घरातल्या मोठ्यांना गडावर जायचंच असतं, आणि मुलांना खिंडसी तलावावर बोट दिसते. जरूर थांबा, फक्त प्रत्येक थांब्याचा खर्च वेगळा मांडा. गडावर पार्किंग, नारळ-प्रसाद, दक्षिणा. खिंडसीला बोटिंग माणशी असतं, आणि बोटीच्या प्रकारानुसार दर वाढत जातो. साधी बोट ठरवून गेलेलं कुटुंब स्पीड बोटीत बसून परत येतं. शिवाय भेळ, कणीस, शहाळं. चौघांच्या कुटुंबाला एक थांबा सहजच पाचशे ते हजाराला पडतो. वेळेचाही विचार करा: दुपारच्या सफारीला गेटवर निदान पाऊण तास आधी पोहोचायचं असतं. उशीर झाला आणि जिप्सी सुटली, तर सगळं बुकिंगच वाया जातं.

९. एक हिशोब शेवटपर्यंत करून बघू

आईवडील, दहा वर्षांचा मुलगा आणि आजी. स्वतःची गाडी, सिल्लारीची दुपारची सफारी, पूर्ण जिप्सी, वाटेत खिंडसी, एक कॅमेरा. पुन्हा सांगतो, आकडे नमुन्याचे आहेत.

प्रवेश शुल्क 2,000, जिप्सी 3,000, गाइड 500: मिळून 5,500. बहुतेकांचं बजेट इथेच संपतं.

आता उरलेलं. कॅमेरा 250. गाइड आणि चालकाची टिप 400. टोल जाऊन-येऊन 200. पेट्रोल 160 किलोमीटरला दहा लिटर धरून 1,050. दोन ठिकाणची पार्किंग 100. सकाळी तर्री पोहे आणि चहा चौघांचे 240, दुपारचं जेवण 1,000, संध्याकाळचा चहा-पाणी 200. बोटिंग 600. हे सगळं मिळून 4,040.

एकूण 9,540. म्हणजे ज्याला आपण "वरचा खर्च" म्हणतो तो एकूण रकमेच्या चाळीस टक्क्यांच्या वर गेला. त्यात वर पाचशे अडीअडचणीचे धरले की दहा हजारांचा बेत झाला. हेच कुटुंब टॅक्सीने गेलं तर पेट्रोलच्या 1,050 ऐवजी 4,200 आणि चालकाचा भत्ता 400, म्हणजे 3,550 जास्त. एकूण तेरा हजारांच्या पुढे.

कुठे कमी करता येईल तेही याच यादीत दिसतं. कॅमेरा आणि बोटिंग सोडलं तर 850 वाचतात. डबा घरून नेला तर हजाराच्या आसपास वाचतात. जंगलात खायला परवानगी नाही, पण गेटबाहेर बसून खाता येतं. सर्वात मोठी बचत मात्र दोन रिकाम्या सीटमध्ये आहे. शेजारचं जोडपं बरोबर आलं तर त्या 5,500 मधले 1,833 ते देतात, आणि जेवणाच्या बाबतीत कोणाला हात आखडता घ्यावा लागत नाही.

१०. निघण्यापूर्वी सोबत काय

बुकिंगची पावती छापून घ्या, मोबाईलवर दाखवायच्या भरवशावर राहू नका. बुकिंगमध्ये ज्याचा क्रमांक दिला तेच मूळ ओळखपत्र प्रत्येकाचं हवं, मुलाचं आणि आजीचंही. ओळखपत्र विसरलं किंवा नाव जुळलं नाही तर आत सोडत नाहीत आणि पैसे परत मिळत नाहीत. यादीतला सर्वात महाग "छोटा खर्च" हाच. आयत्या वेळी एकाच्या जागी दुसऱ्याला नेता येईल असंही समजू नका.

पाण्याच्या बाटल्या घरून भरून न्या. थंडीत स्वेटर, कानटोपी आणि आजीसाठी शाल घ्या. उघड्या जिप्सीत संध्याकाळी गारठा चांगलाच लागतो, आणि घरून शाल आणली नसेल तर गेटजवळच्या दुकानातली वाघाच्या चित्राची टोपी आणि जॅकेट पाचशे-सातशेला गळ्यात पडतं. त्या दुकानात मुलाला काय घ्यायचं, आणि घ्यायचं की नाही, हे गाडीतच ठरवून टाका. परतीच्या वाटेवर संत्र्यांची दुकानं लागतात, त्यांचे पैसे या हिशोबात धरू नका, ते घरच्या किराण्यात टाका.

पावसाळ्यात जाणार असाल तर कोअरची गेटं साधारण जुलै ते सप्टेंबर बंद असतात. बफर, म्हणजे कोअरभोवतालच्या भागातल्या काही सफारी तेव्हाही चालू राहतात, पण त्यांचे दर आणि नियम वेगळे, त्यामुळे वरचे तिन्ही रकाने नव्याने भरावे लागतील.